भाडं बाबांच्या खात्यातून गेलं, तरी ते तुमचंच भाडं: घरमालकाला कसं पटवून द्यावं

पुण्यात शिकायला किंवा पहिल्या नोकरीसाठी आलेल्या मुलामुलींचं घरभाडं पुष्कळदा गावाकडून जातं. करार मुलीच्या नावावर असतो, राहते ती, आणि दर महिन्याचे पैसे लातूरहून, सांगलीहून बाबांच्या नाहीतर आईच्या खात्यातून थेट मालकाच्या खात्यात जमा होतात. चार-सहा महिने सगळं सुरळीत चालतं. मग एक दिवस मालकांचा मेसेज येतो, ‘तुझं भाडं आलेलं दिसत नाही.’ घाबरून मुलगी घरी फोन करते, बाबा म्हणतात मी तर पाठवलंय, आणि दोन्ही बाजू खरं बोलत असूनही भांडण लागतं.

माझा अनुभव असा, की यात वाईट हेतू क्वचितच असतो. बहुतेक वेळा मालकांच्या पासबुकात पैसे असतात, पण ते कोणाचे आणि कशाचे हे त्यांना कळलेलं नसतं. त्यामुळे कायद्याचं कलम तोंडावर फेकण्याआधी हिशोब जुळवून द्यावा, कलम नंतर लागलंच तर आहेच. खाली एकच उदाहरण घेऊन पूर्ण रीत सांगतो.

उदाहरण काय आहे

कोथरूडमधला वन बीएचके. लिव्ह अँड लायसन्सचा नोंदणीकृत करार 1 जून 2025 पासून 11 महिन्यांचा, म्हणजे 30 एप्रिल 2026 पर्यंत. भाडं 14,000 रुपये, दर महिन्याच्या 5 तारखेपर्यंत. डिपॉझिट 40,000, तेही बाबांच्या खात्यातून दिलेलं. जूनचं भाडं मुलीने स्वतःच्या यूपीआयवरून दिलं. जुलैपासून बाबा पाठवू लागले. 12 ऑक्टोबरला मालकांचा मेसेज आला: ‘जूननंतर तुझं भाडं जमा नाही. चार महिन्यांचे 56,000 बाकी आहेत. नाहीतर डिपॉझिटमधून वळते करावे लागतील.’

पहिली पायरी: मालकांचं नेमकं म्हणणं काय, ते विचारा

‘भाडं मिळालं नाही’ या एका वाक्याआड वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात आणि प्रत्येकीचं उत्तर निराळं असतं. एक म्हणजे, त्यांनी खात्यात तुमचं नाव शोधलं आणि ते सापडलं नाही. दुसरी, पैसे आल्याचं त्यांना माहीत आहे, पण तिऱ्हाईताच्या नावाने आलेली रक्कम भाडं म्हणून धरायची की नाही, असं त्यांच्या सीएने विचारलंय. तिसरी गोष्ट मालक सहसा उघड बोलत नाहीत, पण ती मनात असते: उद्या हा पैसे देणारा माणूस ‘भाडं मी भरत होतो, म्हणजे जागेवर माझाही हक्क आहे’ असं म्हणाला तर? पोटभाडेकरू ठेवल्याचा संशयही याच वाटेने येतो. आणि चौथी शक्यता अशी, की पैसे खरोखरच पोचलेले नाहीत.

म्हणून लगेच वाद न घालता साधा फोन करावा. ‘काका, बाबांनी पाठवलेत असं ते म्हणतात. तुम्ही पासबुकात कोणत्या नावाने बघितलंत?’ एवढ्या प्रश्नाने निम्मं कोडं सुटतं. आपल्या उदाहरणात मालकांनी मोबाइलवरच्या बँकेच्या अॅपमध्ये मुलीचं नाव टाकून शोधलं होतं. जूनची नोंद आली, पुढे काही नाही, म्हणून त्यांनी चार महिने बाकी धरले.

दुसरी पायरी: करार काढून वाचा

करारात भाडं देण्याचं कलम शोधा. बहुतेक करारांत ‘दरमहा अमुक तारखेपर्यंत बँकेमार्फत द्यावे’ एवढंच असतं. कोणाच्या खात्यातून, याबद्दल एक शब्दही नसतो, आणि तसं असेल तर तुमचं काम सोपं आहे. क्वचित ‘लायसन्सीने स्वतःच्या बँक खात्यातून’ अशी अट घातलेली सापडते. ती असेल तर पुढच्या महिन्यापासून ती पाळा. मागच्या महिन्यांचे जे पैसे मालकांनी घेऊन ठेवलेत, त्यांचं काय, ते खाली कायद्याच्या भागात येतंच.

त्याच कलमात पैसे *कोणाच्या* खात्यात जमा करायचे हेही पाहा. इथे नवखी माणसं गल्लत करतात. पैसे कोणाकडून गेले हा एक प्रश्न आणि कोणाकडे गेले हा पूर्ण वेगळा. बाबांच्या खात्यातून मालकांच्या खात्यात गेलेलं भाडं ही सावरता येणारी बाब आहे. पण एजंटने ‘माझ्याकडे टाका, मी देतो’ म्हटलं आणि बाबांनी त्याच्या नंबरवर पाठवलं, तर मालकांनी तसं सांगितल्याचा पुरावा तुमच्याकडे हवा. तो नसेल तर मालकांचं ‘मला मिळालं नाही’ हे म्हणणं बरोबर ठरू शकतं. या लेखात आपण पैसे मालकांच्याच खात्यात गेलेत असं धरून चाललोय.

तिसरी पायरी: बाबांच्या खात्याचा उतारा, आणि तो नीट वाचणं

स्क्रीनशॉटवर थांबू नका. पैसे पाठवल्या क्षणी घेतलेल्या स्क्रीनशॉटवर बऱ्याचदा व्यवहार ‘प्रोसेसिंग’मध्ये असतो आणि पुढे त्याचं काय झालं ते त्यात दिसत नाही. बाबांना बँकेच्या अॅपमधून जून ते ऑक्टोबरचं स्टेटमेंट पीडीएफमध्ये काढायला सांगा. अॅप वापरत नसतील तर शाखेत जाऊन सही-शिक्क्याचं घ्यावं. वाद पुढे वाढलाच तर बँकेने प्रमाणित केलेला उताराच उपयोगी पडतो. 1891 चा बँकर्स बुक्स एव्हिडन्स अॅक्ट अशा उताऱ्यांसाठीच आहे.

स्टेटमेंट हातात आल्यावर प्रत्येक भाड्याची नोंद शोधा आणि तिच्या पुढेमागे आठवडाभराच्या नोंदीही पाहा. पैसे गेले आणि परत आले, असं झालंय का ते तपासायचं आहे. एनईएफटी चुकीच्या खाते क्रमांकामुळे परतते, यूपीआय अडकून दुसऱ्या दिवशी रक्कम पुन्हा जमा होते, आणि घरच्यांना त्याचा पत्ताही नसतो, कारण त्यांच्या लक्षात फक्त ‘पाठवले’ एवढंच राहिलेलं असतं.

आपल्या उदाहरणात हे निघालं:

जुलै: 5 जुलैला बाबांच्या खात्यातून एनईएफटीने 14,000.
ऑगस्ट: 4 ऑगस्टला यूपीआयने 14,000. बाबांच्याच फोनवरून, पण ते खातं आई-बाबांचं जोडखातं आणि पहिलं नाव आईचं. त्यामुळे मालकांना आलेल्या मेसेजमध्ये आईचं नाव.
सप्टेंबर: 6 सप्टेंबरला 14,650. यातले 650 लाइटबिलाचे, मालकांनीच मागितलेले.
ऑक्टोबर: 5 तारखेला 14,000 गेले आणि 6 तारखेला परत जमा झाले.

म्हणजे जुलै ते ऑक्टोबरचं भाडं 56,000 आणि लाइटबिल 650, मिळून देणं 56,650. मालकांना पोचले 42,650. खरी बाकी 14,000, फक्त ऑक्टोबरची. मालक 56,000 म्हणत होते, बाबा ‘एक पैसाही बाकी नाही’ म्हणत होते, आणि दोघांचंही चुकत होतं. हे आधी न बघता ‘सगळं भरलंय’ असा ठाम मेसेज गेला असता, तर ऑक्टोबरची नोंद सापडल्यावर मालकांनी उरलेल्या तीन महिन्यांवरही विश्वास ठेवला नसता. ही पायरी गाळू नका, असं मी कळकळीने सांगेन.

प्रत्येक नोंदीचा यूटीआर नंबर उतरवून घ्या. एनईएफटीचा 16 अक्षर-अंकांचा असतो, यूपीआयचा 12 आकडी. हा नंबर दोन्ही बाजूंच्या बँकेत व्यवहाराची ओळख पटवतो, म्हणून मालक तो आपल्या स्टेटमेंटमध्ये शोधू शकतात किंवा शाखेत दाखवू शकतात. नावावर वाद होतो, यूटीआरवर होत नाही.

चौथी पायरी: लेखी खुलासा

आधी ऑक्टोबरचे 14,000 भरून टाका, शक्यतो स्वतःच्या खात्यातून. मग मेसेज किंवा ईमेल पाठवा. फोनवर बोलणं झालं असलं तरी लेखी पाठवाच. मजकूर साधा ठेवा. असा:

> काका, नमस्कार. तुमचा 12 तारखेचा मेसेज मिळाला. जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबरचं भाडं माझ्या वतीने माझ्या आई-बाबांच्या खात्यातून तुमच्या खात्यात जमा झालेलं आहे, म्हणून ते माझ्या नावाने दिसत नाही.
> जुलै: 5 जुलै, 14,000, बाबांच्या नावाने.
> ऑगस्ट: 4 ऑगस्ट, 14,000, आईच्या नावाने (जोडखातं).
> सप्टेंबर: 6 सप्टेंबर, 14,650, बाबांच्या नावाने. यात लाइटबिलाचे 650 आहेत.
> तिन्हींचे यूटीआर नंबर खाली देते आहे. ऑक्टोबरचे पैसे बँकेकडून परत आले होते, ते आमच्या लक्षात आलं नाही. ते आज माझ्या खात्यातून पाठवले आहेत. उशिराबद्दल क्षमस्व.
> तुमच्या पासबुकात या नोंदी पाहून ‘ऑक्टोबरअखेर भाडं मिळालं, बाकी नाही’ एवढं कळवाल का? बाबांचं पत्र सोबत जोडलं आहे.

या मेसेजचं खरं काम शेवटच्या विनंतीत आहे. मालकांकडून एका ओळीचं उत्तर लेखी यायला हवं. ‘ठीक आहे’ किंवा अंगठ्याचं चिन्ह आलं, तर पुन्हा नम्रपणे विचारा: ‘म्हणजे ऑक्टोबरपर्यंतचं पूर्ण मिळालं असं समजू ना?’ त्यावर ‘हो’ आलं की तो स्क्रीन जपून ठेवा. पावती मागितलीत तर आणखी चांगलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 31 मध्ये मिळालेल्या रकमेची लेखी पावती देणं मालकावर बंधनकारक केलेलं आहे. पावतीवर ‘अमुक हिच्याकडून, हिच्या वडिलांच्या खात्यामार्फत’ असा उल्लेख करून घ्या, म्हणजे वर्षअखेरीस तोच प्रश्न पुन्हा निघणार नाही.

सोबत काय जोडायचं, याबद्दल एक काळजी. बाबांचं पूर्ण स्टेटमेंट मालकांना पाठवू नका. त्यात पगार किंवा पेन्शन, शिल्लक, दवाखान्याचे खर्च असं सगळं असतं आणि मालकांना त्याच्याशी काही देणंघेणं नाही. त्या तीन नोंदींपुरतं पान ठेवा, बाकीच्या ओळी झाका. अॅपमधून एकेका व्यवहाराची पावती निघत असेल तर तीच पुरे.

पाचवी पायरी: बाबांचं पत्र

मालकांच्या मनातली ती न बोललेली भीती घालवायला हे पत्र लागतं. एक पान, बाबांची सही, तारीख. जोडखात्यामुळे आईचीही सही घेतलेली बरी.

> माझी मुलगी वरील पत्त्यावरील सदनिकेत 1 जून 2025 च्या करारानुसार राहते. जुलै 2025 पासून माझ्या व माझ्या पत्नीच्या खात्यातून आपल्या खात्यात जमा झालेल्या रकमा या तिच्या वतीने दिलेलं भाडं व लाइटबिल आहे. ही रक्कम कर्ज, उसनवारी किंवा अन्य कोणत्याही व्यवहारापोटी दिलेली नाही. आम्ही या सदनिकेत राहत नाही, आणि भाडं दिल्यामुळे जागेवर आमचा कोणताही हक्क निर्माण होत नाही, हे आम्हाला मान्य आहे. यापुढेही आमच्या खात्यातून येणारी रक्कम तिचं भाडं म्हणूनच धरावी.

‘कर्ज, उसनवारी नाही’ हे वाक्य उगीच घातलेलं नाही. बाबांचा आणि मालकांचा आधीपासून काही व्यवहार असेल, नात्यातली किंवा ओळखीतली जागा असेल, तर आलेले पैसे त्या जुन्या देण्यापोटी धरले, असं मालक म्हणू शकतात. आणि हक्काबद्दलचं वाक्य वाचून मालक निर्धास्त होतात, हे मी पाहिलंय. मालकांच्या सीएलाही हे पत्र कामी येतं, कारण अनोळखी नावाने जमा झालेल्या रकमेपुढे ‘भाडं’ असं लिहायला त्याच्याकडे कागद राहतो.

तरीही ऐकलं नाही तर: कायदा काय म्हणतो

भारतीय करार कायदा, 1872 मध्ये हा प्रश्न सरळ सोडवलेला आहे. कलम 40 सांगतं, की एखादं वचन स्वतःच पुरं करायचं असा दोघांचा हेतू असेल तर ते स्वतःच पुरं करावं लागतं. नसेल तर दुसऱ्याकडून करून घेता येतं. कायद्याने खाली दोन उदाहरणं दिलीत. ‘अ’ने ‘ब’ला काही रक्कम देण्याचं वचन दिलं, तर ‘अ’ ती स्वतः देऊ शकतो किंवा दुसऱ्याकडून देववू शकतो. मात्र ‘अ’ने चित्र रंगवून देण्याचं कबूल केलं असेल, तर ते त्यानेच रंगवायला हवं. भाडं पहिल्या उदाहरणात बसतं.

कलम 41 याच्या एक पाऊल पुढे जातं. वचन पुरं करून देणारी त्रयस्थ व्यक्ती असली आणि समोरच्याने ते स्वीकारलं, तर नंतर तेच वचन मूळ माणसाकडून पुन्हा वसूल करता येत नाही. म्हणजे बाबांकडून आलेले जुलै, ऑगस्ट, सप्टेंबरचे पैसे ठेवून घेऊन तेच मुलीकडून पुन्हा मागता येत नाहीत, आणि डिपॉझिटमधूनही कापता येत नाहीत. करारात ‘स्वतःच्या खात्यातून’ अशी अट असली, तरी स्वीकारून ठेवलेल्या पैशांचं हेच आहे.

इथे सगळा भार ‘स्वीकारलं’ या शब्दावर आहे, म्हणून त्याची मर्यादाही माहीत असावी. बँकेत रक्कम आपोआप जमा होते, मालक काही सही करून घेत नाहीत. त्यांनी रक्कम आल्यावर लगेच ‘हे मला चालणार नाही’ म्हणून परत पाठवली, तर स्वीकारलं असं म्हणता येणार नाही आणि भाडं तुम्हाला द्यावंच लागेल. पण तीन महिने पैसे खात्यात राहिले, हरकत घेतली नाही, शिवाय त्याच व्यवहारातून लाइटबिलाचे 650 मागून घेतले, तर ‘स्वीकारलं नव्हतं’ हे म्हणणं टिकायला अवघड आहे. म्हणून तो 650 चा मेसेज डिलीट करू नका. ‘मिळालं’, ‘या महिन्याचं लवकर पाठवायला सांग बाबांना’ असे किरकोळ मेसेजही सोन्यासारखे आहेत. बाबांच्या खात्यातून पैसे येतात हे मालकांना माहीत होतं, ते यातून दिसतं.

मालकांना हे सांगताना कलमांची भाषा शेवटी ठेवा. ‘काका, बाबांनी माझ्या वतीने दिलेले पैसे तुम्हाला मिळालेत, मग तेच मला पुन्हा कसे द्यावे लागतील?’ हे वाक्य म्हणजे कलम 41 च आहे, फक्त घरच्या भाषेत. तरीही डिपॉझिट कापण्याची गोष्ट निघालीच, तर वकिलामार्फत नोटीस पाठवा आणि त्यात यूटीआरसह हाच तक्ता घाला. तोवर चालू महिन्याचं भाडं थांबवू नका. जुन्या वादापोटी नवं भाडं अडवलं, की मालकांच्या हातात खरी तक्रार जाते.

पुढच्या महिन्यापासून

बाबांनीच पैसे पाठवायचे असतील तर दर वेळी एकाच खात्यातून पाठवावेत आणि यूपीआय किंवा एनईएफटीच्या नोंदीच्या रकान्यात हे टाकावं:

```
Rent Nov25 Flat 7
```

त्यात मुलीचं नाव बसलं तर तेही घाला. लाइटबिल, पाण्याचे टँकर, सोसायटीचे पैसे भाड्यात मिसळू नका, वेगळे पाठवा. रक्कम दर महिन्याला नेमकी 14,000 दिसली की मालकांना नाव न बघताही ओळखता येते. पैसे गेले की मुलीने स्वतः मालकांना ‘नोव्हेंबरचं भाडं बाबांच्या खात्यातून जमा केलं’ असा मेसेज टाकावा.

नोकरी करणाऱ्यांनी मात्र ही पद्धत बदललेली बरी. जुन्या कररचनेत घरभाडे भत्त्याची सूट घेणार असाल, तर भाड्याचा खर्च तुम्ही स्वतः केलेला असायला हवा. बाबांच्या खात्यातून गेलेल्या भाड्याची पावती ऑफिसला दिली आणि कोणी बँकेचा पुरावा मागितला, तर अडचण होते. मालकांच्या दृष्टीने भाडं पोचलेलं असेल, पण आयकराच्या दृष्टीने ते तुम्ही दिलेलं नसेल. बाबांना मदत करायचीच असेल तर त्यांनी पैसे तुमच्या खात्यात टाकावेत आणि तुम्ही तिथून भाडं द्यावं. आई-वडिलांकडून मुलांना मिळालेल्या पैशांवर कर लागत नाही.

राहिलं डिपॉझिट. ते बाबांच्या खात्यातून गेलेलं आहे, करार मुलीच्या नावावर आहे, आणि घर सोडताना मालक विचारतील, परत कोणाला द्यायचे? उत्तर आत्ताच, या पत्रव्यवहाराबरोबर लिहून ठेवा: ‘40,000 डिपॉझिट करार संपल्यावर या खाते क्रमांकावर द्यावे.’ खाली मुलीची आणि बाबांची दोघांची सही घ्या.